हाँगकाँगचा पोलीस दाखला मागताना पत्र कसे लिहावे

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना, गेल्या दहा वर्षांत ज्या देशात तुम्ही सलग सहा महिने किंवा अधिक राहिलात, तिथला पोलीस दाखला लागतो. हाँगकाँगमध्ये नोकरी करून परत आलेल्यांना तो तिथल्या पोलिसांकडून मागवावा लागतो. हा दाखला अर्जदाराच्या हाती मिळत नाही. मागणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तो थेट जातो. म्हणून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे मागणीपत्र हाती आल्यावरच अर्ज पाठवा.

पत्र इंग्रजीत आणि एका पानाचे असावे. सुरुवातीलाच हेतू लिहा: ‘कॅनडात कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी’. ‘नोकरीसाठी’ असे चुकूनही लिहू नका. नोकरीच्या कारणासाठी तिथले पोलीस हा दाखला देतच नाहीत. कॅनडाच्या खात्याचा फाइल क्रमांक आणि पत्ता मागणीपत्रात जसा आहे तसाच उतरवा.

मग वास्तव्य. समजा, तुम्ही सप्टेंबर 2016 ते मार्च 2019 तिथे होतात. पासपोर्टवर हाँगकाँगचे शिक्के शोधत बसू नका, कारण 2013 पासून तिथे शिक्का मारणे बंद झाले आहे. मुंबई विमानतळावरचे जाण्या-येण्याचे शिक्के पाहा. मात्र रात्रीच्या विमानाने गेला असाल तर पोहोचल्याची तारीख दुसऱ्या दिवशीची येते. नेमकी तारीख सापडत नसेल तर महिना आणि वर्ष लिहा, अंदाजाने दिवस टाकू नका. पत्ते बदलले असतील तर प्रत्येक पत्ता कुठल्या काळातला तेही द्या. हाँगकाँगच्या ओळखपत्राचा क्रमांक आठवणीने लिहा, कार्ड आता चालू नसले तरी.

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत खरी अडचण नावाची असते. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नाव असते, आणि लग्नानंतर नवा पासपोर्ट काढला की मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते. हाँगकाँगच्या नोंदीत मात्र जुनेच नाव असते. पत्रात दोन्ही नावे पूर्ण लिहा, जुन्या व नव्या पासपोर्टचे क्रमांक त्यांच्यापुढे द्या आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. एवढे एक वाक्य पुरते: ‘ही दोन्ही नावे माझीच असून विवाहामुळे बदल झाला आहे.’

शेवटी जोडपत्रांची यादी द्या: मागणीपत्र, दोन्ही पासपोर्टच्या प्रती, ओळखपत्राची प्रत, शुल्क आणि दहाही बोटांचे ठसे. ठसे पोलीस अधिकाऱ्यासमोर द्यायचे असतात. कागदावर त्यांचे नाव, हुद्दा, सही, शिक्का आणि तारीख आहे ना, हे तिथेच तपासा. ठशातल्या रेषा सुट्या दिसायला हव्यात. शाई जास्त झाली की त्या एकमेकींत मिसळून काळा डाग उरतो आणि ठसे पुन्हा मागवले जातात. त्यामुळे एक जादा कोरा फॉर्म सोबत न्या.