केशर, उदासी आणि मशहदचे उंदीर

कोमट पाण्याच्या वाटीत अस्सल केशराची काडी टाकली की पिवळा रंग सावकाश उतरत जातो आणि काडी मात्र बराच वेळ लालच राहते. पाण्यात उतरणारा हा रंग म्हणजे क्रोसिन. घराघरांत असणाऱ्या तापाच्या गोळीशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. वाटी नाकाजवळ नेल्यावर येणारा वास मुख्यतः सॅफ्रानलचा. ताज्या फुलातून खुडलेल्या काडीत सॅफ्रानल जवळजवळ नसतं. काड्या सुकवताना पिक्रोक्रोसिन नावाचा कडू घटक मोडतो आणि त्यातून ते तयार होतं.

मनाच्या सौम्य उदासीवर केशराचा उपयोग होतो, या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: क्रोसिन मेंदूतलं डोपामिन वाढवतं आणि सॅफ्रानल सेरोटोनिन. ही दोन्ही मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी द्रव्यं. वाक्य इतकं आटोपशीर आहे की ते कोणीतरी मोजून सिद्ध केलं असावं असं वाटतं. ते कुठून आलं हे समजून घ्यायचं तर सुरुवात मुंबईपासून करावी लागते.

१९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते जगभर वापरात आलं. मग ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. त्याच सुमारास प्रयोगशाळांत दिसलं की रेसरपिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, आणि डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या तशाच आणखी एका द्रव्याचाही. दुसरीकडे इमिप्रामिनसारखी नवी औषधं उदासी कमी करत होती, आणि ती ही द्रव्यं पेशीत परत शोषली जाऊ देत नाहीत असं आढळलं. ही द्रव्यं घटली की मन खचतं, वाढली की सावरतं, हा समज या दोन निरीक्षणांच्या जोडीतून १९६०च्या दशकात रुजला. पुढे त्यावर बरेच आक्षेप आले, पण औषधं पारखण्याची फूटपट्टी तीच राहिली.

त्या फूटपट्टीला उंदरांवर वापरण्याजोगं रूप १९७७ साली रॉजर पोर्सोल्ट यांनी दिलं. पाण्याने भरलेल्या उभ्या नळकांड्यात उंदीर सोडायचा. तो आधी धडपडतो, मग नुसता तरंगत राहतो. उदासीवरचं औषध दिलेला उंदीर कमी वेळ निश्चल राहतो. १९९०च्या दशकात यात बारकावा आला. सेरोटोनिन वाढवणारी औषधं दिलेले घुशीएवढे मोठे प्रयोगशाळेतले उंदीर जास्त पोहतात, तर नॉरॲड्रेनालिन वाढवणारी औषधं दिलेले भिंतीवर चढायची जास्त धडपड करतात, असं दिसलं. म्हणजे नुसतं बघून औषधाचा मार्ग ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली.

आता इराण. जगातलं बहुतेक केशर खोरासानात पिकतं, आणि तिथल्या वैद्यकपरंपरेत ते मन प्रसन्न करणारं मानलं जाई. मध्ययुगीन वैद्य इब्न सीनाच्या लिखाणातही तसं आहे. त्याच खोरासानातल्या मशहदच्या वैद्यकीय विद्यापीठात हुसेन हुसेनजादे आणि सहकाऱ्यांनी केशराचा अर्क, क्रोसिन आणि सॅफ्रानल वेगवेगळे टोचून उंदीर पाण्यात सोडले. हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. निश्चलतेचा वेळ तिन्हींनी घटला. सॅफ्रानलमुळे पोहणं वाढलं, क्रोसिनमुळे चढणं. म्हणून लेखकांनी अंदाज मांडला की सॅफ्रानल सेरोटोनिनच्या वाटेने आणि क्रोसिन डोपामिन-नॉरॲड्रेनालिनच्या वाटेने काम करत असावं.

त्या वाक्याचा उगम हाच. ‘असावं’ हा शब्द लेखकांनी स्वतः ठेवला होता, पुढच्या उद्धृतांतून तो गळत गेला. मला याची खंत वाटते, कारण मूळ प्रयोगात मेंदूतलं कोणतंही द्रव्य मोजलेलं नव्हतं. त्यातून पोहणं आणि चढणं यांतला फरक मोठ्या उंदरांवर बसवलेला होता. मशहदचे उंदीर लहान जातीचे होते, आणि त्यांच्यात ही वर्गवारी तितकीशी भरवशाची ठरत नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहू. क्रोसिन दर किलो वजनामागे किमान ५० मिलिग्रॅम टोचलं होतं. लहान उंदराची मात्रा माणसासाठी काढताना साधारण बाराने भागतात, म्हणजे किलोमागे चार मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे झालं सुमारे २४० मिलिग्रॅम शुद्ध क्रोसिन. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र दिवसाला अर्कच ३० मिलिग्रॅम दिला जातो, आणि क्रोसिन हा त्यातला एक अंश.

शिवाय टोचणं आणि गिळणं यांत फरक पडतो. क्रोसिनच्या रेणूला दोन्ही टोकांना साखर जोडलेली असते. तोंडावाटे घेतल्यावर आतड्यात ती साखर सुटते आणि रक्तात पोचतं ते क्रोसेटिन. मूळ क्रोसिन प्राण्यांच्या रक्तात जवळपास सापडतच नाही. म्हणजे गोळी गिळणाऱ्याच्या बाबतीत खरा प्रश्न क्रोसेटिन काय करतं हा आहे. इराणमध्येच नंतर केशराचा पाण्यातला अर्क टोचून उंदरांच्या मेंदूतली द्रव्यं प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा डोपामिन वाढलेलं दिसलं, सेरोटोनिन मात्र होतं तसंच. पाण्याच्या अर्कात क्रोसिन भरपूर आणि उडून जाणारं सॅफ्रानल कमी, त्यामुळे क्रोसिनच्या बाजूला यातून थोडा आधार मिळतो. सॅफ्रानल आणि सेरोटोनिन ही बाजू जास्त लंगडी आहे.

माणसांवरचा धागा मात्र स्वतंत्रपणे पुढे गेला. तेहरानमध्ये शाहिन अखुंदजादे यांच्या गटाने २००४ साली सौम्य ते मध्यम नैराश्याच्या ३० रुग्णांपैकी काहींना रोज ३० मिलिग्रॅम केशर-अर्क आणि बाकीच्यांना १०० मिलिग्रॅम इमिप्रामिन दिलं. सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे सावरले. यात औषध नसलेली गोळी घेणारा तिसरा गट नव्हता, म्हणून पुढच्या वर्षी ४० जणांवर औषधविरहित गोळीशी तुलना झाली आणि तिथेही केशर सरस ठरलं. चाचण्या लहान आणि सुरुवातीच्या बहुतेक एकाच देशातल्या. त्यानंतर त्याच गटाने केशराच्या जांभळ्या पाकळ्यांचा अर्क दिला, तर त्याचाही गुण आला! पाकळ्यांत क्रोसिन आणि सॅफ्रानल नगण्य असतात. मग गुण नेमका कशाचा? दोन घटकांना दोन द्रव्यं वाटून देणाऱ्या मांडणीला हा प्रश्न सर्वांत अडचणीचा आहे, आणि तिच्या पुरस्कर्त्यांकडून त्याचं उत्तर क्वचितच मिळतं.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, तेही पाहू. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात आणि प्रत्येक फुलात तीन काड्या, म्हणजे एक सुकी काडी दोन मिलिग्रॅमहून थोडी जास्त. ३० मिलिग्रॅम म्हणजे तेरा-चौदा काड्या, रोज, सहा आठवडे. कोजागरीच्या दुधात माणशी दोन-तीन काड्या पडतात. शिवाय चाचण्यांत काड्या दिल्या नव्हत्या, अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. डबीतल्या काडीत सॅफ्रानल किती उरलंय हे ती कशी सुकवली आणि किती जुनी आहे त्यावर ठरतं. अशा गोळ्या घ्यायच्या असतील आणि नैराश्यावरचं औषध आधीच चालू असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नयेत. गरोदरपणात तर नाहीच.