रक्तदाबातील भेटीगणिक चढउतार

रक्तदाबातील भेटीगणिक चढउतार : एकाच रुग्णाचा रक्तदाब काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या अंतराने, दवाखान्यातील लागोपाठच्या भेटींत मोजला असता नोंदींमध्ये आढळणारा कमीअधिकपणा. हृदयाच्या ठोक्यागणिक होणारे बदल आणि दिवसरात्रीतील बदल (उदा., झोपेत दाब उतरणे) यांहून ही संकल्पना वेगळी आहे. बहुतेक अभ्यास वरच्या, म्हणजे आकुंचनी दाबाचे असल्याने येथेही त्याचाच विचार केला आहे. दाबाचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत.

मापन : समजा, दोन रुग्णांच्या फायलींत सात-सात भेटींच्या नोंदी आहेत. पहिल्याच्या १३४, १४५, १३८, १४७, १३६, १४२, १३८. दुसऱ्याच्या १२४, १५८, १३२, १६४, १२६, १५०, १२६. दोघांचीही सरासरी बरोबर १४० येते, म्हणून सरासरीपुरते पाहिले तर दोघांत फरक नाही. प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप, मात्र पहिल्याचे ४·८ आणि दुसऱ्याचे १६·९ आहे. लागोपाठच्या दोन भेटींमधील फरकांची सरासरी घेतली, तर पहिल्याची ८ आणि दुसऱ्याची जवळजवळ ३० भरते. सरासरी दाब जितका जास्त तितके विचलनही वाढण्याकडे कल असतो. म्हणून संशोधक सरासरीचा प्रभाव गणिताने वगळलेला निर्देशांकही वापरतात. दवाखान्यात एवढ्या गणिताची सहसा गरज पडत नाही. भेटींचे आकडे एका ओळीत लिहून सर्वांत मोठ्या नोंदीकडे पाहिले, तरी बरेच कळते. दुसऱ्या रुग्णाचा दाब एखाद्या भेटीत १२६ आला की ‘आज बीपी छान आहे’ म्हणून विषय संपतो आणि आधीचा १६४ विसरला जातो. खरी चूक इथेच होते.

स्वतंत्र धोकादर्शक आहे का? : दीर्घकाळ असे मानले जात होते, की प्रत्येकाचा एक ‘नेहमीचा’ दाब असतो, धोका त्यावरून ठरतो आणि चढउतार ही मोजणीतील निव्वळ धूळ आहे. या धारणेला मोठा धक्का २०१० मध्ये बसला. ऑक्सफर्डचे मेंदूविकारतज्ज्ञ पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जुन्या चाचण्यांच्या नोंदींचे फेरविश्लेषण प्रसिद्ध केले. पूर्वी तात्पुरता किंवा सौम्य पक्षाघात होऊन गेलेल्या ब्रिटिश रुग्णांत, सात भेटींतील विचलन सर्वाधिक असलेल्या एक-दशांश रुग्णांना सर्वांत कमी विचलनाच्या एक-दशांश रुग्णांच्या तुलनेत पुढील पक्षाघाताचा धोका सुमारे सहापट होता. सरासरी दाब हिशेबात धरूनही.

याच गटाने अँग्लो-स्कँडिनेव्हियन चाचणीतील (ॲस्कॉट) एका कोड्याचेही उत्तर सुचवले. त्या चाचणीत ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर आधारित उपचार घेणाऱ्यांना ॲटेनोलॉल या दुसऱ्या औषधावर आधारित उपचारापेक्षा पक्षाघात स्पष्टपणे कमी झाले, पण दोन गटांच्या सरासरी आकुंचनी दाबातील फरक जेमतेम २·७ होता. एवढ्याशा फरकाने एवढा लाभ पटण्यासारखा नव्हता. ॲम्लोडिपिन गटात भेटीगणिक चढउतार कमी होते आणि लाभाचा मोठा भाग त्यातून आला, असे रॉथवेल यांचे प्रतिपादन आहे.

यावर आक्षेप आले. वयस्कांतील उच्च रक्तदाबाच्या सिस्ट-युर या युरोपीय चाचणीच्या २०१४ मधील विश्लेषणात धोका दाबाच्या पातळीवरून ठरतो, चढउतारांवरून नव्हे, असा निष्कर्ष निघाला. उलट ॲलहॅट या अमेरिकी चाचणीतील सुमारे २५ हजार रुग्णांच्या विश्लेषणात (२०१५) विचलन १४·४ वा अधिक असलेल्यांत, ६·५ पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ५८ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा ४६ टक्क्यांनी जास्त आढळला. सहापट आणि दीडपट यांतील तफावत लक्षात घ्यावी : पहिला गट आधीच पक्षाघाताच्या उंबरठ्यावरचा होता. एकूण पुरावा पाहता चढउतार हा स्वतंत्र, पण सरासरीपेक्षा दुय्यम धोकादर्शक मानणे सयुक्तिक वाटते. तो स्वतः हानी करतो, की ताठरलेल्या धमन्यांची आणि मंदावलेल्या दाबनियंत्रक प्रतिक्षेपाची केवळ खूण आहे, हे ठरलेले नाही. म्हणूनच विचलनाचा सर्वमान्य असा उपचार-उंबरठाही नाही.

चढउतार कमी करण्याचे उपाय : प्रथम आकडा खरा आहे ना, ते पाहावे लागते. जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तो सदऱ्याच्या बाहीवरून बांधला, हात अधांतरी ठेवला किंवा जाड दंडाला लहान पट्टा वापरला, तर दाब खोटा वाढतो. आणि या चुका प्रत्येक भेटीत सारख्या होत नाहीत. लघवी करून, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीला टेकलेला असावा, बोलू नये, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. दरवेळी तोच हात आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ ठेवावी.

त्यानंतर गोळ्यांची चौकशी. वरील दुसऱ्या रुग्णाला ‘गोळ्या घेता का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ येणार. गोळ्यांची पट्टी समोर ठेवून ‘या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिली?’ असे विचारले, तर उत्तर वेगळे येऊ शकते : एकादशीला उपास म्हणून घेतली नाही, गावी जाताना पट्टी घरी राहिली, मात्र तपासणीच्या आधीचे तीन दिवस नेमाने घेतली. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेले डायक्लोफेनॅक तर रुग्ण औषधांत मोजतच नाही. तेही दाब वाढवते. मद्यपान, लोणचे-पापडातील मीठ आणि थंडीचे दिवस यांचीही नोंद फाइलीत हवी. तरीही गोळ्या चुकणे हे चढउतारांचे एकमेव कारण नाही. गोळ्या नियमित घेणाऱ्यांतही ते आढळतात.

औषधनिवडीबाबत पुरावा बराचसा एका दिशेचा आहे. ॲम्लोडिपिनसारखी कॅल्शियम-रोधके आणि थायझाइड वर्गातील मूत्रल औषधे चढउतार कमी करतात. बीटा-रोधकांनी, विशेषतः ॲटेनोलॉलने, ते वाढू शकतात. एक संभाव्य कारण औषधाच्या मुक्कामात आहे. रक्तातील ॲम्लोडिपिन निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात, ॲटेनोलॉलला सहा-सात. त्यामुळे एक गोळी राहिली तरी ॲम्लोडिपिनचा अंमल पुरता ओसरत नाही. मात्र हृदयशूळ किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिलेले बीटा-रोधक रुग्णाने आपल्या मनाने थांबवणे धोक्याचे आहे. अचानक बंद केल्यास नाडी व दाब उसळतात आणि छातीत दुखू शकते. बदल डॉक्टरांनीच करावा. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्यांऐवजी एकदाच घ्यायची, शक्य तर दोन औषधे एकत्र असलेली गोळी सोयीची पडते.

बदल केल्यावर पडताळा घरच्या मोजणीने घेता येतो : सात दिवस, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येकी दोन नोंदी, पहिला दिवस सोडून द्यावा. जपानमधील ओहासामा येथील अभ्यासात घरच्या नोंदींतील दिवसागणिक चढउतारांचाही हृदयवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंशी संबंध दिसला आहे. पण भेटीगणिक आणि दिवसागणिक आकडे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. तीन-चार नोंदींवरून काढलेले विचलन फारसे भरवशाचे नसते. वृद्धांत आणि दीर्घकाळच्या मधुमेहींत उभे राहिल्यावरचा दाबही मोजावा. तो २० किंवा अधिकने उतरत असेल, तर वरचा आकडा पाहून औषध वाढवल्याने रुग्ण चक्कर येऊन पडू शकतो.