ट्रकच्या दोन बॅटऱ्यांत खरी आजारी कोणती?

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचे बहुतेक मोठे ट्रक, टिपर आणि बस 24 व्होल्टवर चालतात. (आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर 12 व्होल्टचे, एका बॅटरीचे असतात. पण दोन बॅटऱ्यांचे 24 व्होल्टचे मोठे यंत्र असेल, तर पुढचे सगळे त्यालाही लागू.) बॅटरीच्या पेटीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला मधल्या केबलने जोडलेला असतो. सेल्फ मारला की दोघींतून अगदी सारखाच करंट जातो, आणि चार्जिंग होतानाही तेवढाच. एक दमली तर तिच्या वाटचा करंट दुसरी देऊ शकत नाही. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे.

130 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांची एक जोडी घेऊ. ट्रक रात्रभर उभा होता आणि सकाळी सेल्फ नुसता ‘कट कट’ करतो. दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर 23.3 व्होल्ट. एवढ्यावर बहुतेक जण ‘बॅटऱ्या उतरल्या’ म्हणून दोन्ही चार्जिंगला काढतात. पण प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली की चित्र बदलते. पहिली 12.75 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत भरलेली. दुसरी 10.55. हा आकडा नीट बघावा. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला सेल साधारण 2.1 व्होल्टचा असतो. 12.65 मधून एका सेलचे 2.1 वजा केले की बरोबर 10.55 उरतात. नुसती उतरलेली बॅटरी नेमकी एका सेलएवढी कमी दाखवण्याचे कारण नाही. इथे पाच सेल शाबूत आहेत आणि सहावा आतून शॉर्ट झालाय.

आता हीच गाडी धक्का देऊन सुरू केली तर काय होते ते पाहा. अल्टरनेटरचा रेग्युलेटर फक्त एकूण व्होल्टेज ओळखतो. तो 28.2 व्होल्ट धरून ठेवतो, पण ते दोघींत कसे वाटले जातात याची त्याला कल्पना नसते. बारा सेल चांगले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला 2.35 व्होल्ट आले असते, जे योग्य आहे. इथे सेल अकराच उरलेत, त्यामुळे प्रत्येकाला 2.56 मिळतात. पहिल्या बॅटरीवर सहा सेलचे 15.4 व्होल्ट चढतात, दुसरीवर पाच सेलचे 12.8. साधारण 2.4 च्या वर सेलमधले पाणी फुटून त्याचा वायू होऊ लागतो. म्हणजे चांगली बॅटरी रोज उकळते आहे. तिचे पाणी घटते, अंग तापते, प्लेटा कुजतात. पाणी सारखे चांगल्या बॅटरीतही घालावे लागते, आणि दोष मात्र दुसरीत असतो.

फसगत होते ती इथेच. इंजिन चालू ठेवून मोजले तर आजारी बॅटरी 12.8 दाखवते, जो भरलेल्या बॅटरीसारखा आकडा आहे. चांगली 15.4 दाखवते, म्हणून ‘अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय’ असे निदान होऊन रेग्युलेटर बदलला जातो. अल्टरनेटर निर्दोष आहे. एकूण 28.2 असताना दोघींत व्होल्टभराचाही फरक दिसला, तर आधी बॅटऱ्या वेगळ्या करून तपासाव्यात.

वेगळ्या करताना इंजिन बंद हवे. चालू इंजिनात बॅटरी सोडली तर अल्टरनेटरचे डायोड आणि कंट्रोल युनिट दोन्ही जाऊ शकतात. आधी चासिसला जाणारी मायनस केबल सोडायची, मग मधली जोडकेबल, शेवटी प्लस. अर्थिंग आधी सुटली असेल तर प्लस सोडताना पाना चासिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही. तीन-चार तास बॅटऱ्या तशाच राहू द्याव्यात, कारण नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज वरवर जास्त दिसतो. मग मीटरची टोके शिशाच्या पोस्टवर टेकवावीत, केबलच्या लगवर नाही. सेल्फ मारताना पोस्ट आणि लग यांच्यातच अर्धा व्होल्ट पडत असेल, तर दोष गंजलेल्या जोडाचा आहे आणि बॅटरीचा नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी घ्यावी. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी बॅटरीच्या बनावटीनुसार 1.240 ते 1.280 असते. आकड्यापेक्षा सेलासेलांतला फरक महत्त्वाचा. पाच सेल 1.240 आणि एक 1.110 असेल तर तो सेल गेलाच. 0.050 पेक्षा जास्त फरक आला की त्या बॅटरीवर विश्वास ठेवू नये. डिस्टिल्ड वॉटर घातल्यावर लगेच मोजू नये. पाणी वर तरंगते आणि ग्रॅव्हिटी खोटी कमी येते. हाताला रबरी मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. आसपास विडी-काडी नको, कारण बाहेर पडणारा वायू हायड्रोजन असतो.

सीलबंद बॅटरीत ही सोय नसते. तिथे सगळ्यात खरी परीक्षा सेल्फच घेतो. केबली परत जोडून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून, एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने प्रत्येक बॅटरीच्या पोस्टवर मीटर धरायचा. एका वेळी चार-पाच सेकंद पुरेत. दोघींतून एकच करंट जात असल्याने तुलना आपोआप न्याय्य होते. चांगली 10.9 वर टिकते आणि आजारी 7.2 वर कोसळते. 9.6 च्या खाली जाणारी बॅटरी संशयित समजावी, पण ती पूर्ण चार्ज झालेली होती याची खात्री आधी करून.

ही खात्री फार महत्त्वाची, कारण कमी व्होल्टेजची प्रत्येक बॅटरी खराब नसते. केबिनमधला 12 व्होल्टचा टेप किंवा मोबाइल चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलेला असेल, तर रोज फक्त तीच उतरते. अडीच अँपिअर दहा तास म्हणजे 25 अँपिअर-अवर. अल्टरनेटर मात्र दोघींत सारखेच भरतो. त्यामुळे टेप नसलेली गरजेपेक्षा जास्त भरते आणि टेप जोडलेली नेहमी अर्धपोटी राहते. काही महिने असे चालले की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतो आणि मग ती खरोखरच बाद होते. त्याआधी लक्षात आले तर 12 व्होल्टच्या चार्जरवर 10 ते 13 अँपिअरने रात्रभर एकटी चार्ज केली की ती सावरते. टेपची वायर तिथून काढून 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो, नाहीतर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते. शॉर्ट सेलची बॅटरी मात्र चार्जरवर तासन् तास ठेवूनही वर येत नाही, उलट गरम होते. तेव्हा चार्जर लगेच बंद करावा.

नवी घेताना एकच घ्यायची की दोन? जोडी सहा-आठ महिन्यांचीच असेल आणि दुसरी सगळ्या परीक्षांत उतरली असेल, तर एकच चालते; कंपनी आणि अँपिअर-अवर तेच हवेत. जोडी दोन वर्षांची असेल तर दोन्ही बदलाव्यात. जुनीची क्षमता 90 अँपिअर-अवरवर आली असेल, तर 130 च्या नवीसोबत ती प्रत्येक वेळी आधी रिकामी होणार आणि चार्जिंगला आधी भरून उकळणार. आपल्या उदाहरणातली पहिली बॅटरी 12.75 दाखवत असली, तरी ती किती दिवस 15.4 व्होल्टवर उकळली हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून तिलाही पाणी भरून, चार्ज करून, पुन्हा सेल्फवर तपासल्याशिवाय ठेवू नये.

बसवताना दोन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज कराव्यात, मग जोडाव्यात, आणि चासिसची मायनस केबल सगळ्यात शेवटी. इंजिन चालू करून अर्ध्या तासाने प्रत्येकीवर 14.1 च्या आसपास दिसायला हवे. हीच मोजणी आठ दिवसांनी परत करावी. तेव्हा फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला असेल, तर एकीवरून कुठली तरी वायर अजून चोरून करंट घेते आहे.