तूपही पेटतं, कापूरही पेटतो. मग विमानात कापूरच का अडतो?

परवा सांगलीत गावभागात आत्याकडं गेलो, तर तिची बॅग भरणं चाललं होतं. मुलगा फ्रँकफुर्टजवळ असतो, त्यानं घर घेतलंय, वास्तुशांतीला आई पाहिजेच. पलंगावर सगळं मांडलेलं: किलोभर घरचं रवाळ तूप, पाव किलो कापराच्या वड्या, औदुंबरचा अंगारा कागदाच्या पुडीत आणि हरिपूरच्या संगमावरून आणलेलं कृष्णेचं पाणी, अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत. धास्ती होती ती फक्त तुपाची. डबा तीन पिशव्यांत गुंडाळून झाला होता.

"पेटणारी वस्तू ना रे ती," आत्या म्हणाली, "उगीच विमानतळावर शोभा नको."

कापूर तिनं पर्समध्ये टाकला होता. रुमालाशेजारी.

झालं होतं बरोबर उलटं. विमानापुरतं बोलायचं तर तूप ही साधी खाण्याची वस्तू आहे आणि कापूर हा धोकादायक माल. आपल्या डोक्यात दोन्ही 'आरतीचं सामान' म्हणून शेजारी बसतात, त्यामुळं घोटाळा होतो. त्याहून मोठा घोटाळा 'चालत नाही' या शब्दांचा. विमानतळावर ते दोन वेगळ्या अर्थांनी म्हणतात. एक 'चालत नाही' म्हणजे हातातल्या बॅगेत चालत नाही, खाली सामानात टाका. दुसरं म्हणजे विमानातच चालत नाही, हातात नाही, सामानात नाही, चिमूटभरसुद्धा नाही. तूप आणि तीर्थ पहिल्यात येतात. कापूर दुसऱ्यात.

कारण आत्याला देवघरातच दाखवलं. वाटीतल्या तुपाला पेटती काडी लावली तर तूप थोडं वितळतं आणि काडी विझते. निरांजनात वात लागते ती याचसाठी. वातीनं वर ओढलेलं थोडंसं तूप तापतं, त्याची वाफ होते आणि ती जळते. नुसत्या तुपाचा धूर निघायलाच अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. कापराला वात लागत नाही. काडी नुसती जवळ नेली की भप्पकन ज्योत धरते, कारण कापूर न वितळता थेट हवेत उडत असतो आणि ती वाफच पेट घेते. डबीतला कापूर आपोआप कमी होतो, म्हणून आपल्याकडं त्यात मिरे टाकून ठेवतात. बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. विमान कंपन्यांची भीती तीच: बंद बॅगेत, बंद सामानकक्षात, जिथं हात पोचत नाही तिथं पेटायला तयार अशी वस्तू नको.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत कापराला यूएन २७१७ हा क्रमांक आहे आणि वर्ग ४.१, म्हणजे ज्वलनशील घन पदार्थ. काडेपेटीचाही वर्ग हाच. डांबराच्या गोळ्याही याच वर्गातल्या. प्रवाशाला काय काय नेता येतं याची आंतरराष्ट्रीय नियमांत एक वेगळी यादी आहे. धोकादायक मालातली वस्तू त्या यादीत असेल तरच जाते. नसेल तर ती नाही. कापूर त्या यादीत नाही. त्यामुळं "दोनच वड्या आहेत हो" याला नियमात जागाच नाही. आपल्याकडं हे सगळं विमानानं धोकादायक माल नेण्याच्या नियमांखाली येतं, आणि वेब चेक-इन करताना आपण न वाचता ज्या चौकटीवर खूण करतो ती यासाठीच असते.

"पण माझा भीमसेनी आहे, खायचासुद्धा चालतो," आत्यानं शेवटचा डाव टाकला. तोही नाही. यादीतला २७१७ हा कृत्रिम कापराचा क्रमांक, आणि बाजारातल्या बहुतेक वड्या टर्पेंटाइनपासून बनलेल्या कृत्रिम कापराच्याच असतात. अस्सल भीमसेनी म्हणजे बोर्निओल. त्याला वेगळा क्रमांक आहे, यूएन १३१२, पण वर्ग पुन्हा ४.१. शुद्ध असो, खायचा असो, पेटतो तो पेटतोच. सर्दीचा बाम मात्र चालतो. त्यात कापूर असला तरी तो मलमात मिसळलेला औषधी माल.

एक गोष्ट स्वतः भोगलेली सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. सामान देऊन झालं, चहा घेतला आणि माझं नाव पुकारलं गेलं. कुणीतरी भेट दिलेला तयार पूजासाहित्याचा पुडा मी न उघडता बॅगेत टाकला होता. त्यात कापराची डबी आणि काडेपेटी, दोन्ही. अधिकाऱ्यानं माझ्यासमोर बॅग उघडून दोन वस्तू बाजूला काढल्या, सही घेतली आणि सोडलं. बाई शेजारच्या काउंटरवर म्हणाल्या, "रोजचंच आहे." तेव्हापासून पुडा उघडून बघतो. तुपात भिजवलेल्या तयार फुलवातींची पाकिटंही उलटी करून वाचतो, कारण त्यातल्या काहींत कापूर मिसळलेला असतो. कोरड्या कापसाच्या फुलवाती न्याव्यात आणि तूप वेगळं, तिथं भिजवावं.

आता तूप. तूप धोकादायक नाही, पण सुरक्षा तपासणीच्या भाषेत ते द्रव आहे. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिलिटरची, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत, हा नियम रूढ झाला. काही परदेशी विमानतळांनी नव्या यंत्रांमुळं तो अलीकडं सैल केला, पण आपण त्या भरवशावर राहू नये. इथं लोक दोन जागी फसतात. पहिलं म्हणजे थंडीत तूप दगडासारखं घट्ट झालेलं असतं, म्हणून ते घन आहे असं वाटतं. चमच्यानं फासता येणारं सगळं, तूप, लोणी, चटणी, गुलकंद, द्रवातच धरतात. दुसरं म्हणजे मोजतात ती बाटलीवरची क्षमता, आतला माल नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तळाला दोन घोट तीर्थ असलं तरी ती अर्धा लिटरचीच.

खाली द्यायच्या सामानात तूप जातं. काही देशी कंपन्या त्यालाही किलोची मर्यादा घालतात, तेवढी आपल्या तिकिटाच्या कंपनीची बघून घ्यावी. भरताना डबा काठोकाठ भरू नये. सांगलीहून मुंबईपर्यंतच्या गाडीत मे महिन्यात तूप पाण्यासारखं होतं आणि फुगतं. चकतीचं झाकण नको, फिरकीचं हवं, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, मग पिशवी. पितळी किंवा स्टीलचा बंद डबा टाळावा. क्ष-किरणांत आतलं दिसत नाही, मग तो उघडायला लावतात. काशीहून येणाऱ्यांच्या डाख लावून बंद केलेल्या तांब्याच्या लोटीचं हेच होतं: उघडता येत नाही आणि आत काय ते कळत नाही. गंगाजल आणायचंच तर पारदर्शक बाटलीत.

पण आत्याच्या तुपाचं गणित विमानात नाही, उतरल्यावर बिघडत होतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला घरच्या वापरासाठीसुद्धा दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि तूप दुधाचंच. विमान कंपनी अडवणार नाही, जर्मनीचे सीमाशुल्कवाले घेतील. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, इथं दुकानात बुटरश्माल्झ नावाचं मिळतं, ते कढवलेलं लोणीच. आत्याचा चेहरा पडला. "गोकुळाष्टमीपासून साठवलेलं लोणी होतं ते," एवढंच म्हणाली. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अंगाऱ्याचं सोपं आहे. राख पेटत नाही, द्रव नाही, त्यामुळं दोन्हीकडं जाते. फक्त पांढरी-राखाडी भुकटी बिनचिठ्ठीच्या कागदी पुडीत असली की तपासणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो. पारदर्शक पिशवी, वर 'विभूती' असं मराठी-इंग्रजीत लिहिलेलं, आणि मोठा साठा खालच्या सामानात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेकडं जाणाऱ्यांनी एवढं धरावं की २०१८ पासून हातातल्या बॅगेत साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त भुकटीवर तिथं बंधनं आहेत. अमेरिकेला सांगलीची हळद किलोनं नेणाऱ्यांनाही ते लागू. आणि अंगारा म्हणजे अस्थी नव्हे. माहुलीच्या संगमाला अस्थी घेऊन विमानानं येणाऱ्या माणसाजवळ मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला हवा, आणि कलश हातात न्यायचा का याचं कंपनीशी आधी बोलून ठेवावं.

ओटीचं सुकं खोबरं आत्याच्या यादीत होतं, तेही काढायला लावलं. तेलकट सुकं खोबरं ढिगात आपोआप तापू शकतं, म्हणून त्याचाही धोकादायक मालात वेगळा वर्ग आहे. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या ऑक्टोबरात इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातात न्यायची खास परवानगी द्यावी लागली, ती उगीच नाही.

शेवटी बॅगेत राहिलं ते असं. तीर्थ दोन पारदर्शक बाटल्यांत: एक अर्ध्या लिटरची खालच्या सामानात, एक ऐंशी मिलिलिटरची हातात, आजारी पडल्यासारखं झालं तर म्हणून. अंगारा पिशवीत, नाव घालून. कोरड्या फुलवाती. कापूर तिथल्या भारतीय दुकानात मिळतो असं मुलानं सांगितलं होतं. तुपाचा डबा आत्यानं परत फडताळात ठेवला आणि कापराची पिशवी माझ्या हातात दिली. देताना त्यात चार मिरे टाकायला विसरली नाही.