फोर्स मेज्योर: नोटीस देणं वेगळं, नुकसान आवरणं वेगळं

फोर्स मेज्योरचं कलम म्हणजे हाताबाहेरच्या घटनेमुळे करार पाळता आला नाही तर जबाबदारीतून सवलत देणारं कलम. पुरवठा कराराचा मसुदा तपासताना या कलमात बहुतेकांची नजर घटनांच्या यादीवर जाते: पूर, आग, युद्ध, साथ, सरकारी बंदी. यादी महत्त्वाची आहेच. पण प्रत्यक्षात वाद पेटतो तेव्हा पूर आला होता की नाही, हा प्रश्न फारसा उरत नाही. पूर सगळ्यांनीच पाहिलेला असतो. वाद होतो तो यादीनंतरच्या दोन ओळींवर. एका ओळीत असतं की अडचणीत आलेल्या पक्षाने समोरच्याला ठरावीक मुदतीत लेखी नोटीस द्यावी. दुसरीत असतं की त्याने घटनेचा परिणाम कमी करण्यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत. या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच वाक्यात बसवलेल्या असतात आणि म्हणून त्या एकच जबाबदारी वाटतात. ‘आम्ही वेळेवर कळवलं, दर आठवड्याला मेल टाकत होतो, आणखी काय करायचं?’ असा पुरवठादाराचा प्रश्न त्यातूनच येतो.

नोटीस तारखेने मोजतात: केव्हा दिली, कोणाला दिली, कशी पोहोचली, तिच्यात काय लिहिलं होतं. नुकसान कमी करण्याची जबाबदारी वागणुकीने मोजतात: हाताशी काय होतं, त्यातलं काय केलं, काय सोडलं. पहिली चुकली तर सवलतीचा हक्कच धोक्यात येऊ शकतो. दुसरी चुकली तर साधारणपणे जेवढं टाळता आलं असतं तेवढ्यापुरती सवलत जाते. आणि एक नीट केल्याने दुसरीतली चूक भरून निघत नाही. नोटीस कितीही नेटकी असली तरी गोदामात पडून राहिलेला माल तिने खरेदीदारापर्यंत पोहोचत नाही.

आधी नोटीस. कलम तपासताना तीन गोष्टी पाहायच्या, त्यांतली पहिली म्हणजे घड्याळ कधी सुरू होतं. घटना घडल्यापासून, ती कळल्यापासून, की ती कळायला हवी होती तेव्हापासून? पूर एका रात्रीत येतो, तिथे फरक पडत नाही. पण पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे कच्चा माल अडला असेल, तर या तीन तारखांत कित्येक आठवड्यांचं अंतर पडू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे नोटीस कुठे आणि कशी द्यायची. ही माहिती फोर्स मेज्योरच्या कलमात सहसा नसतेच. ती कराराच्या शेवटी, ‘सूचना’ या शीर्षकाखालच्या कंटाळवाण्या परिच्छेदात असते आणि तो परिच्छेद इथेही लागू होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: उशीर झाला तर काय? याची निदान तीन उत्तरं प्रचलित आहेत. काही करारांत वेळेवर नोटीस ही सवलतीची पूर्वअट असते, म्हणजे ती चुकली की सवलत संपली. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या 2020 च्या नमुना कलमात जरा सौम्य वाट आहे. तिथे नोटीस विनाविलंब दिली तर सवलत अडथळा आल्या दिवसापासून मिळते, नाहीतर नोटीस समोरच्याला पोहोचते त्या वेळेपासून. आंतरराष्ट्रीय माल विक्रीवरच्या 1980 च्या संयुक्त राष्ट्र कराराचं कलम 79 तिसरी वाट दाखवतं. वाजवी वेळेत सूचना पोहोचली नाही, तर त्या न पोहोचण्यामुळे झालेलं नुकसान तेवढं भरून द्यायचं. मूळ सवलत शाबूत राहते.

करारात परिणाम स्पष्ट लिहिलेला नसेल तर न्यायालय भाषेवरून तो ठरवतं. इंग्लिश कायद्यात यासाठी आजही 1978 चा ब्रेमर विरुद्ध वांडेन अवेन्न हा निकाल काढला जातो. वाद सोयाबीन पेंडीच्या पुरवठ्याचा होता. 1973 मध्ये अमेरिकेत मिसिसिपीला पूर आले आणि त्यानंतर निर्यातीवर बंदी आली. करारात दोन कलमं होती. एकात विक्रेत्याने ‘विनाविलंब’ कळवावं एवढंच होतं. दुसऱ्यात ठरावीक दिवसांचं पक्कं वेळापत्रक होतं. तेव्हा ब्रिटनमधलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पहिल्या कलमातली नोटीस पूर्वअट मानली नाही. दुसऱ्यातलं वेळापत्रक मात्र काटेकोर पाळणं आवश्यक ठरलं. म्हणून मसुद्यात ‘7 दिवसांत’ आणि त्यासोबत ‘तसे न केल्यास सवलत मिळणार नाही’ असं दिसलं, की ते कलम दुधारी आहे हे ओळखावं. खरेदीदाराला ते हवंसं वाटतं. पुरवठादाराने निदान आयसीसीसारखी मधली वाट मागावी.

आता दुसरी ओळ. नुकसान आवरण्याच्या जबाबदारीला एक दिवस नसतो. ती घटनेसोबत सुरू होते आणि पुरवठा पूर्ववत होईपर्यंत चालू राहते. ‘वाजवी उपाय’ म्हणजे काय, याचं उत्तर परिस्थितीवर ठरतं: पर्यायी यंत्र, दुसरा मार्ग, साठ्यातला माल, दुसऱ्याकडून करून घेणं. खर्च थोडा वाढला एवढ्याने उपाय अवाजवी ठरत नाही. पण या जबाबदारीला सीमा आहे. आरटीआय विरुद्ध एमयूआर शिपिंग या 2024 च्या निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तोच प्रश्न होता. करारात पैसे अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे होते. निर्बंधांमुळे ते अवघड झालं. समोरच्या पक्षाने युरो देऊ केले, रूपांतराचा खर्चही उचलतो म्हणाला. जहाजकंपनीने नकार दिला आणि फोर्स मेज्योरचा आधार घेतला. न्यायालय म्हणालं, वाजवी प्रयत्न करण्याच्या जबाबदारीत करारात नसलेली कामगिरी स्वीकारणं येत नाही. ते हवं असेल तर कलमात तसं स्पष्ट लिहावं लागतं. पुरवठा कराराला हा निकाल थेट उपयोगी आहे. दुसऱ्या दर्जाचा किंवा दुसऱ्या कारखान्यातला माल चालेल असं खरेदीदाराला हवं असेल, तर तपासणीच्या वेळीच ते वाक्य घालून घ्यावं.

दोन्ही ओळी एकाच प्रसंगात कशा वेगळ्या चालतात, हे आकड्यांवर नीट दिसतं. समजा, एक पुरवठादार पॅकेजिंग फिल्म पुरवतो. जूनमध्ये 5, 12, 19 आणि 26 तारखेला प्रत्येकी 50 टन, एकूण 200 टन द्यायचे आहेत. 2 जूनला पुराचं पाणी कारखान्याच्या वीजकक्षात शिरतं आणि उत्पादन थांबतं. करारात कळल्यापासून 7 दिवसांत नोटीस द्यायची आहे, म्हणजे 9 जूनपर्यंत. 3 जूनला विक्री विभागातला माणूस खरेदीदाराला फोन करतो. 8 जूनला एक मेल जातो, पण तो खरेदीदाराच्या भांडारप्रमुखाला. त्यात ‘पुरामुळे माल उशिरा येईल’ एवढंच. करारात दिलेल्या पत्त्यावर रीतसर नोटीस 14 जूनला पोहोचते. महिनाभर खरेदीदाराला काहीच माल मिळत नाही.

मध्यंतरी दोन गोष्टी घडलेल्या असतात. दुसऱ्या गोदामात 80 टन तयार माल सुरक्षित होता. जुन्या ग्राहकांत वाटला असता तर या खरेदीदाराच्या वाट्याला 40 टन आले असते, पण पुरवठादाराने तो सगळा जास्त भाव देणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला विकला. शिवाय भाड्याचं जनित्र आणून 16 जूनपासून एक लाइन चालवता आली असती. त्यातून 19 आणि 26 तारखेसाठी प्रत्येकी 25 टन निघाले असते. दरपत्रकही आलं होतं. ते फाइलमध्ये तसंच राहिलं.

नोटीस वेळेत दिली असती असं क्षणभर धरू. तरीही 200 पैकी 40 आणि 50, म्हणजे 90 टनांची सवलत जाते, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. 110 टन माफ. आता खरी परिस्थिती घेऊ आणि करारात आयसीसीसारखी वाट आहे असं मानू. सवलत 14 जूनपासून, म्हणून 5 आणि 12 तारखेचे 100 टन सरळ करारभंगात. 19 आणि 26 च्या 100 टनांतून जनित्रामुळे निघू शकले असते ते 50 टन वजा. माफ फक्त 50 टन. इथे एक चूक हमखास होते: साठ्यातले 40 टन पुन्हा वजा करायचे नाहीत. तो माल पहिल्या दोन खेपांत गेला असता आणि त्या खेपा आधीच सवलतीबाहेर आहेत. नोटीस ही कडक पूर्वअट असेल, तर सगळे 200 टन करारभंगात जातात आणि जनित्र आणलं की नाही याला सवलतीच्या प्रश्नात काही अर्थच उरत नाही. 8 जूनचा मेल नोटीस मानावा असा युक्तिवाद होईल आणि कलम ढिलं असेल तर तो चालूही शकतो. पण पत्ता आणि मजकूर करारात नेमून दिलेला असेल तर त्यावर विसंबणं धोक्याचं.

साठा कोणाला द्यायचा, हे बहुतेक मसुद्यांत लिहिलेलंच नसतं, आणि माझ्या मते खरेदीदाराच्या वकिलाने तिथे सर्वाधिक वेळ द्यावा. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये (कलम 2-615) विक्रेत्याची क्षमता अंशतःच उरली असेल तर ती ग्राहकांत न्याय्य रीतीने वाटण्याची सक्ती आहे. सगळीकडे तशी तरतूद नाही. ‘उपलब्ध माल आधीच्या करारांच्या प्रमाणात वाटावा’ एवढं वाक्य घातलं की ‘वाजवी’ या शब्दावरचा अर्धा वाद मिटतो.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. खरेदीदारावरही नुकसान कमी करण्याची जबाबदारी असते, पण ती या कलमातून येत नाही. ती नुकसानभरपाईच्या सर्वसाधारण कायद्यातून येते. माल येणार नाही हे कळल्यावर त्याने बाजारातून पर्यायी फिल्म घेण्याचा वाजवी प्रयत्न केला नाही, तर भरपाई तेवढी कापली जाते. नोटिशीचं मूळ काम इथे उमजतं. ती समोरच्याला हात-पाय हलवायला वेळ देते. म्हणूनच तिच्यात घटना, बाधित खेपा, अंदाजे कालावधी आणि काय उपाय चालू आहेत, हे चारही मुद्दे हवेत. ‘माल उशिरा येईल’ एवढ्यावर खरेदीदार पर्यायी ऑर्डर किती दिवसांची द्यायची हे ठरवू शकत नाही.

नोटिशीत उपायांचा उल्लेख असतो, म्हणून तिलाच उपायांचा पुरावा समजलं जातं. तसं नाही. नोटिशीचा पुरावा म्हणजे पोच. उपायांचा पुरावा म्हणजे जनित्राची दरपत्रकं, नाकारलं असेल तर त्याची नोंदवलेली कारणं, साठ्याची रोजची नोंद, कोणत्या ग्राहकाला किती गेलं याचा तक्ता. सवलत मागणाऱ्यालाच हे सहसा सिद्ध करावं लागतं. म्हणून खरेदीदाराने कलमात हे कागद मागण्याचा हक्क लिहून घ्यावा आणि पुरवठादाराने ते पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावेत, कारण तीन महिन्यांनी ते आठवणीतून उभे करता येत नाहीत.