चोरून पाहिलेल्या फोनमधून आई-वडिलांना नेमकं काय कळतं?

ज्या आई-वडिलांना आपलं मूल कुठे जातं, कुणाबरोबर असतं, पैसे कशावर खर्च करतं हे माहीत असतं, त्यांची मुलं वाईट वाटेला कमी लागतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अनेक अभ्यासांतून हे दिसलं होतं. त्यावरून निष्कर्ष निघाला की मुलांवर नजर ठेवा. तोच सल्ला शाळांमधून, समुपदेशकांकडून घराघरात पोचला. आज मुलाच्या नकळत त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकणारे पालक याच समजुतीवर उभे आहेत.

2000 साली स्वीडनमधल्या ओरेब्रू विद्यापीठातल्या हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी त्या जुन्या प्रश्नावल्या बारकाईने पाहिल्या आणि त्यांना एक मूलभूत गफलत सापडली. प्रश्न असे होते: ‘तुमचं मूल संध्याकाळी कुठे असतं ते तुम्हाला माहीत असतं का?’ यातून पालकांना किती माहीत आहे ते मोजलं जातं. ते त्यांना कसं कळलं, हे मोजलं जात नाही. तरीही संशोधक या आकड्याला ‘देखरेख’ म्हणत होते.

मग या दोघांनी 14 वर्षांच्या 703 मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना वेगळे प्रश्न विचारले. माहिती येण्याच्या तीन वाटा त्यांनी सुट्या केल्या: मुलाने आपणहून सांगणं, पालकांनी विचारपूस करणं आणि परवानगी, वेळा वगैरेंचे नियम लावणं. पालकांच्या माहितीशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते पहिल्या वाटेचं. जाणते पालक म्हणजे बहुतांशी ज्यांची मुलं त्यांच्याशी बोलतात ते पालक. या दोघांच्या अभ्यासांत ‘आपल्यावर फार ताबा ठेवला जातो’ असं वाटणाऱ्या मुलांची स्थिती तर उलट जास्त बिघडलेली दिसली. माझ्या मते गेल्या पंचवीसएक वर्षांत पालकत्वाबद्दल झालेल्या संशोधनातलं हे सर्वांत उपयोगी काम आहे, आणि आपल्याकडे ते जवळजवळ कुणी सांगतच नाही.

आता फोनकडे येऊ. स्वतःला लपवणाऱ्या हेरगिरीच्या ॲपना गूगल प्ले स्टोअरवर परवानगी नाही. त्यामुळे पालक ते एखाद्या वेबसाइटवरून उतरवतात. त्यासाठी आधी अँड्रॉइडचं ‘प्ले प्रोटेक्ट’ हे संरक्षण बंद करावं लागतं. मग ॲपला ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यावी लागते. दृष्टिहीन माणसांना स्क्रीनवरचं वाचून दाखवता यावं म्हणून ही सोय आहे, म्हणजे ज्याला ती मिळते त्याला स्क्रीनवरचं सगळं दिसतं. व्हॉट्सॲपचं कूटलेखन संदेशाचं रक्षण दोन फोनांमधल्या प्रवासात करतं. स्क्रीनवर उघडलेला संदेश ॲपला सरळ वाचता येतो. वाचलेलं सगळं ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि पालक ते तिथे लॉगिन करून पाहतात. मुलीचे फोटो, तिचं ठिकाण, मैत्रिणींचे संदेश, सगळं एका परक्या कंपनीच्या हाती. अशा कंपन्यांकडून माहिती फुटल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्पायफोन’ या ॲपच्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळत ठेवण्याच्या धंद्यातूनच बाहेर काढलं, त्यामागे ढिसाळ सुरक्षा हेही एक कारण होतं. शिवाय प्ले प्रोटेक्ट बंद राहिलं की दुसरं कुठलंही घातक ॲप त्या फोनमध्ये सहज शिरू शकतं.

समजा, हे सगळं करून एका वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलीच्या फोनवर पाळत सुरू केली. काही ॲप फक्त नोटिफिकेशन वाचतात, म्हणजे आलेले संदेश दिसतात, तिने पाठवलेले नाहीत. रात्री त्यांना एका अनोळखी नावाचा संदेश दिसतो: ‘उद्या नाही आलीस तर बघच हं.’ ही धमकी असेल, किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीला दांडी मारणाऱ्या मैत्रिणीला दिलेला प्रेमळ दम असेल. मुलीचं उत्तर दिसत नाही, बोलण्याचा सूर कळत नाही. आणि विचारायचं तर कसं? विचारलं की पाळत उघडी पडते. वडील गप्प बसतात आणि रात्रभर तळमळतात, किंवा दुसऱ्या दिवशी भलतंच कारण काढून तिला घराबाहेर पडू देत नाहीत. चोरून मिळवलेल्या माहितीची ही खरी अडचण आहे. ती अर्धवट असते, आणि वापरायला गेलं की ती कुठून आली हे सांगावं लागतं.

मुलांना हे कळायलाही वेळ लागत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत ‘सिस्टिम सर्व्हिस’सारखं काहीतरी अनोळखी नाव चालू दिसतं, प्ले प्रोटेक्ट बंद दिसतं, बॅटरी लवकर उतरते. वर्गातलं एखादं पोर हे दोन मिनिटांत शोधून देतं. त्यानंतर दुसरं अकाउंट, मैत्रिणीचा फोन. नेदरलँड्समध्ये स्कायलर हॉक आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलं असलेल्या कुटुंबांचा काही वर्षं पाठपुरावा केला आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. आई-वडील आपल्या खासगी गोष्टींत नाक खुपसतात असं ज्या मुलांना वाटत होतं, ती पुढे जास्त लपवू लागली आणि पालकांची माहिती कमी झाली.

हे अभ्यास स्वीडन आणि नेदरलँड्समधले आहेत. आपल्याकडे एकाच खोलीत चौघं राहतात, घरातला फोनही कधीकधी एकच असतो, तिथे खासगीपणाच्या अपेक्षा वेगळ्या असणार. दुसरी मर्यादा अशी की जी मुलं आधीच अडचणीत असतात ती कमी सांगतात आणि पालकही त्यांच्यावरच जास्त लक्ष ठेवतात. त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे सुटं करता येत नाही. ज्या मुलांचा बराच वेळ मोठ्यांशिवाय जातो, त्यांच्यात पालकांच्या नियमांचा आणि विचारपुशीचा फायदा होतो असंही काही अभ्यासांत दिसलं. पण तो उघड नियमांचा फायदा आहे, लपून ठेवलेल्या पाळतीचा नाही.

म्हणून पाळत ठेवायचीच तर ती मुलाला दिसेल अशी असावी. गूगलचं फॅमिली लिंक वेळेची मर्यादा घालतं, ठिकाण दाखवतं, संदेश वाचत नाही, आणि ते चालू आहे हे मुलालाही दिसतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांच्या कामातून दिसलं आहे की सुरक्षिततेच्या बाबतीत पालकांचा अधिकार किशोरवयीन मुलं बऱ्यापैकी मानतात. मैत्री, आवडीनिवडी यांत मानत नाहीत. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, हा नियम त्यामुळे भांडूनही पाळला जातो. गप्पा वाचणं मात्र त्यांना सहन होत नाही.

स्वतःला इजा करण्याच्या खुणा दिसल्या किंवा फोटोवरून कुणी धमकावतंय असं कळलं, तर फोन पाहायलाच हवा, पण मुलासमोर, सांगून. धमकावणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायची. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहेच. अशा वेळी मुलं घरी बोलत नाहीत, त्याचं एक मोठं कारण म्हणजे बोललं की फोन काढून घेतील ही भीती. ‘असं काही झालं आणि तू मला सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही’ हे मुलाच्या हाती फोन देतानाच सांगून ठेवायचं, आणि तशी वेळ आलीच तर खरोखर फोन काढून घ्यायचा नाही.