रताळ्याच्या शेतातलं लवण: डोंगरउतारावर पाणी कुठे साचेल हे उंचीच्या नकाशावरून कसं काढायचं

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेकिनकेरेच्या पुढे वैजनाथच्या डोंगराकडे जमीन चढायला लागते. तिथे मामांचं तीन एकरांचं उताराचं शेत आहे. माती तांबडी, पाणी झटकन सोडणारी, म्हणून पावसाळ्यात रताळी. पण शेताच्या खालच्या अंगाला एक लवण आहे, म्हणजे खोलगट तुकडा. तिथले वेल हिरवेगार दिसतात आणि काढणीला जमिनीत निम्मी रताळी कुजलेली निघतात. मामा म्हणतात, "तिथं भुई चिबडते. आजोबांच्या वेळेपासनं असंच हाय."

आजोबांना जे पन्नास पावसाळ्यांत कळलं, ते नकाशावरून काढता येतं का, हे मला पाहायचं होतं. नुकतंच शेत विकत घेतलेल्या माणसाच्या मागे आजोबांचे पावसाळे नसतात. त्याला पहिल्याच वर्षी कळायला हवं.

त्यासाठीचं सूत्र 1979 साली कीथ बेव्हन आणि माइक कर्कबी या ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी मांडलं. जमिनीच्या एखाद्या जागेला दोन प्रश्न विचारायचे. वरून किती जमिनीचं पाणी तुझ्याकडे येतं? आणि आलेलं पाणी पुढे सरकायला तुझ्यापाशी उतार किती? येणारं जास्त आणि उतार कमी, तर पाणी रेंगाळणार. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्याचा लॉगरिदम घेतला की जो आकडा येतो, तो त्या जागेचा ओलावा निर्देशांक.

दोन्ही उत्तरं उंचीच्या नकाशातून मिळतात. या नकाशाला डीईएम म्हणतात. जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. युरोपच्या कोपर्निकस या उपग्रह उपक्रमाचा 30 मीटर चौकटींचा डीईएम फुकट मिळतो, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटचाही आहे. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून आधी अक्षांश-रेखांशातून मीटरमध्ये आणावा लागतो. आपल्या भागासाठी त्या प्रक्षेपणाचा क्रमांक EPSG:32643. हे करताना बायलिनियर पद्धत निवडावी, नाहीतर उताराच्या नकाशावर खोट्या पट्ट्या उमटतात.

मी पहिली चूक इथेच केली. शेताची हद्द आखून तेवढाच डीईएम कापून घेतला. पण शेतात येणारं पाणी हद्दीबाहेरून येतं. शेजाऱ्याच्या काजूतून येतं, त्याच्याही वरच्या माळावरून येतं. क्यूजीआयएसमधली r.watershed ही आज्ञा प्रत्येक जागी किती चौकटींचं पाणी येतं ती जमा मोजते, आणि नकाशाबाहेरून पाणी येण्याची शक्यता असलेल्या चौकटींना उणे आकडा देते. उणे आकड्याचा लॉगरिदम निघत नाही, म्हणून माझ्या नकाशात नेमकं ते लवण कोरं राहिलं. कोऱ्या जागा दिसल्या की समजावं, नकाशा लहान कापलाय. डोंगराच्या माथ्यापर्यंतचा तुकडा घेतल्यावर आकडे जागेवर आले.

मग उताराचा नकाशा अंशांमध्ये काढला आणि रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे लिहिलं:

```
ln( "jama@1" * 30 / ( tan("utar@1" * 0.0174533) + 0.001 ) )
```

"jama" म्हणजे ती चौकट धरून वरून पाणी देणाऱ्या चौकटींची संख्या, "utar" म्हणजे उतार. सूत्रात पाणी देणारं क्षेत्र चौकटीच्या रुंदीने भागून घ्यायचं असतं. चौकट 900 चौरस मीटरची आणि 30 मीटर रुंद, म्हणून 30 ने गुणायचं. 0.0174533 ने अंशांचं रेडियन होतं. ते विसरलं तर आकडे येतात, पण निरर्थक येतात. शेवटचं 0.001 सपाट चौकटींसाठी आहे, कारण शून्याने भागता येत नाही.

तीन चौकटी हाताने करून पाहू. माथ्यावरच्या चौकटीला वरून कुणीच पाणी देत नाही, तिचं स्वतःचंच: 30 मीटर. उतार शंभरात पंधरा. 30 भागिले 0.15 म्हणजे 200, लॉगरिदम 5.3. शेताच्या मधोमध चार चौकटींची जमा आणि शंभरात बारा उतार: 120 भागिले 0.12, म्हणजे 1000, निर्देशांक 6.9. आणि ते लवण? तिथे दोन्ही बाजूंचे उतार एकत्र येतात. चाळीस चौकटी, म्हणजे जवळपास नऊ एकरांचं पाणी, आणि उतार उरतो शंभरात तीन. 1200 भागिले 0.03 म्हणजे 40,000, निर्देशांक 10.6. मामांच्या कुजणाऱ्या तुकड्यावरच नकाशा सगळ्यात गडद निळा झाला.

पण या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. "दहाच्या वर पाणी साचतं" असा नियम कुठे वाचला तर तो उचलू नये. चौकटीचा आकार बदलला की सगळे आकडे बदलतात. एकाच नकाशात, एकाच प्रकारच्या मातीत कोणती जागा कोणत्या जागेपेक्षा ओली, एवढंच त्यातून वाचायचं.

तीन एकरांत 30 मीटरच्या चौकटी बसतात जेमतेम तेरा-चौदा. शिवाय उंचीतच दोन-चार मीटरची चूक असू शकते. शंभरात बारा उतारावर एका चौकटीत जमीन साडेतीन मीटर उतरते, आणि तोच उतार सलग सात-आठ चौकटी टिकतो, म्हणून दिशा बरोबर कळते. खाली भाताच्या खाचरांत तीच जमीन एका चौकटीत वीत-दोन वीत उतरते. तिथे नकाशाचा निळा रंग बहुतेक वेळा चुकीचाच असतो. कोपर्निकसचा डीईएम झाडांचे शेंडेही धरतो, त्यामुळे काजूची दाट बाग त्याला टेकाड वाटते आणि बागेच्या वरच्या कडेला तो खोटं तळं दाखवतो.

म्हणून मी जुलैत, दोन दिवस उघडीप मिळाल्यावर, मामांबरोबर पहार घेऊन गेलो. ठिकठिकाणी दोन फूट खोल खड्डे घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले. लवणातल्या खड्ड्यात हातभर पाणी होतं आणि माती तांबडी नव्हती. राखाडी, मध्ये गंजाचे ठिपके. पाणी वर्षानुवर्षं तुंबून हवा कोंडली की लोहाचा तांबडा रंग जातो, त्याची ही खूण. उन्हाळ्यातही ती ओळखता येते. काजूच्या कडेचा खड्डा कोरडा निघाला.

तिसरा खड्डा मामांच्या हट्टामुळे घेतला. शेताच्या वरच्या अंगाला, जिथे नकाशा 6.2 म्हणत होता. तिथे लव्हाळा उगवलेला. खड्डा काठोकाठ भरला होता.

याचं कारण सूत्राच्या गृहीतात आहे. पाणी जमिनीच्या उताराप्रमाणेच, सगळीकडे सारख्या मातीतून वाहतं असं ते धरून चालतं. इथे वर जांभा आहे. त्याच्या भेगांतून पाऊस सरळ आत जातो, खालच्या पांढरट चिकण थराला अडतो आणि तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथे उपळ बनून बाहेर येतो. पाण्याची ही वाट डीईएमला दिसत नाही. आमच्या जांभ्याच्या भागात लव्हाळा कुठे आहे, हे नकाशासोबत विचारावंच लागतं.

उपाय दोन जागांसाठी वेगळे ठरले. उपळीच्या जागी खोल चर लागणार, चिकण थरापर्यंत जाणारा. लवणासाठी वरच्या बाजूला आडवा, किंचित उताराचा चर, म्हणजे चाळीसपैकी पंचवीस चौकटींचं पाणी बाजूच्या ओढ्याकडे वळेल. हिशोब केला तर निर्देशांक 10.6 वरून 9.6 वर येतो. एकानेच उतरला म्हणून मामा नाराज झाले. लॉगरिदम असल्याने एक अंक म्हणजे जवळपास पावणेतीन पट फरक, हे मी त्यांना बांधावर बसून खडे मांडून दाखवलं. चाळीस खड्यांतले पंधरा उरले, तेव्हा त्यांनी चराची रेघ कुठून काढायची ते विचारलं. चर होईपर्यंत त्या तुकड्यात यंदा रताळ्याऐवजी भात लावलाय.